कॉल कोणी विकलाय, ते आधी बघा

गेल्या महिन्यात शनिवारचा वर्ग संपल्यावर एक विद्यार्थी टेबलापाशी आला. मोबाइलवर ऑप्शन चेन उघडलेली, बोट एका स्ट्राइकवर. "सर, कॉलमधला व्हॉल्यूम बघा. गॅमा स्क्वीझ लागणार इथे. सोमवारी उघडतानाच घेऊन टाकू का?" मी त्याला विचारलं, हे कॉल विकलेत कोणी? तो गप्प झाला. चेनमध्ये त्याचं उत्तर नसतंच, त्यामुळे त्याचा दोष नव्हता. पण गॅमा स्क्वीझचं सगळं गणित याच एका प्रश्नावर उभं आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती नीट कळली की पुढची अर्धी फसगत टळते.

अमेरिकेत शेअरवरचा कॉल तुम्ही घेता तेव्हा समोर बहुतेक वेळा मार्केट मेकर असतो, म्हणजे दिवसभर दोन्ही बाजूंचे भाव लावून बसलेला डीलर. शेअर वर जाईल की खाली, यावर त्याला पैज लावायची नसते. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक ही त्याची कमाई. तुम्हाला कॉल विकून त्याने एक प्रकारे बयाणा घेतलेला असतो: अमुक तारखेपर्यंत अमुक भावाने शेअर द्यायला मी बांधील. आता शेअर वर गेला तर त्याचं नुकसान. म्हणून कॉल विकल्याबरोबर तो थोडे शेअर विकत घेऊन ठेवतो. किती घ्यायचे हे सांगणारा आकडा म्हणजे डेल्टा. डेल्टा ०.०९ असेल तर शंभर शेअरच्या एका करारामागे नऊ शेअर. शेअर वर गेला की डेल्टा वाढतो आणि त्याला आणखी शेअर घ्यावे लागतात. डेल्टा किती वेगाने वाढतो, ते गॅमा सांगतो. शब्द ग्रीक असले तरी व्यवहार किराणा दुकानदाराला कळेल असाच आहे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. शेअर ४० डॉलरला आहे. लोक ६० च्या स्ट्राइकचे, आठवडाभरात संपणारे १०,००० कॉल घेतात, म्हणजे १० लाख शेअरवरचा हक्क. शेअर आधीच चंचल आहे, म्हणून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी २०० टक्के धरू. ब्लॅक-शोल्सच्या नेहमीच्या सूत्राने अशा कॉलचा भाव साधारण ४३ सेंट येतो. खरेदीदारांच्या खिशातून गेले सव्वाचार लाख डॉलर. डेल्टा आहे ०.०९, त्यामुळे डीलरला ताबडतोब सुमारे ९० हजार शेअर घ्यावे लागतात, त्यांची किंमत ३६ लाख डॉलर. सव्वाचार लाखांच्या खरेदीने ३६ लाखांची खरेदी ओढून आणली. स्क्वीझची पहिली ठिणगी ही.

आता शेअर ५० वर गेला, असं समजा. डेल्टा ०.३० होतो. डीलरकडे ३ लाख शेअर हवेत, म्हणजे आणखी दोन लाखांच्या वर, साधारण ९५ लाख डॉलरचे. कॉल घेणाऱ्यांनी या दरम्यान एक पैसाही नवा घातलेला नाही. शेअर ६० वर गेला की डेल्टा ०.५५ आणि साडेपाच लाख शेअर. डीलर इथे आपल्या मताने काही करत नाही. भाव वाढला म्हणून तो घेतो, आणि त्याच्या घेण्याने भाव आणखी वाढतो. शेअर उथळ असेल, म्हणजे विकायला कमी लोक तयार असतील, तर हे चक्र फार जोरात फिरतं.

बरेच लेख इथेच थांबतात आणि पुढे रॉकेटचं चित्र छापतात. खरी मौज पुढच्या आकड्यांत आहे. शेअर ८० वर गेला की डेल्टा ०.८८, आणि १०० वर जवळपास १. म्हणजे ६० ते ८० या टप्प्यात डीलर सव्वातीन लाख शेअर घेतो, ८० ते १०० मध्ये जेमतेम एक लाख, आणि त्यानंतर काहीच नाही. ज्या स्ट्राइकने आग लागली, ती ओलांडून शेअर दूर गेला की त्या स्ट्राइकचं सरपण संपतं. चक्र चालू राहायला वर नव्या स्ट्राइक हव्यात, आणि त्यांत नवे पैसे घालणारे लोक हवेत.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. वरच्या उदाहरणात शेअर ४० वरून हललाच नाही आणि मुदतीचे दोनच दिवस उरले, असं धरा. आता त्या कॉलचा डेल्टा ०.००४ होतो. डीलरला फक्त ४,००० शेअर लागतात, उरलेले ८६ हजार तो बाजारात विकून टाकतो. कोणतीही वाईट बातमी नाही, भाव पडलेला नाही, तरी विक्री सुरू झाली. कॉल घेऊन शेअर वर न्यायचा असेल, तर तो वेळेत हलावा लागतो. मुदत जवळ येत असताना नुसतं ताटकळणंसुद्धा शेअरवर दबाव आणतं. उलट भाव जागेवर असताना व्होलॅटिलिटी २०० वरून ३०० टक्के झाली, तर आठवडा बाकी असलेल्या त्याच कॉलचा डेल्टा ०.०९ वरून ०.२२ वर जातो आणि डीलरला एक लाखाहून जास्त शेअर नव्याने घ्यावे लागतात. व्होलॅटिलिटी खाली आली की तेच शेअर परत बाजारात. हे यंत्र दोन्ही दिशांना फिरतं, आणि खाली फिरताना त्याला ब्रेक नसतो.

आता गेमस्टॉपकडे वळू. गॅमा स्क्वीझ म्हटलं की हेच नाव पुढे येतं, आणि माझ्या मते याच उदाहरणात सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे, फक्त लोक समजतात त्या कारणाने नाही. खालचे भाव तेव्हाचे आहेत. २०२२ मध्ये शेअरचे चारास एक असे तुकडे झाले, त्यामुळे आजच्या चार्टवर ते वेगळे दिसतील.

व्हिडिओ गेम विकणारी ही अमेरिकी दुकानसाखळी. ११ जानेवारी २०२१ ला गुंतवणूकदार रायन कोहेन संचालक मंडळावर येणार असल्याची बातमी आली. १२ तारखेला शेअर २० डॉलरच्या आसपास बंद झाला, १३ ला ३१.४० वर. २१ ला ४३. शुक्रवारी २२ तारखेला तो ६५.०१ वर बंद झाला, एका दिवसात ५१ टक्के वर. त्या दिवशी बाजारात उपलब्ध असलेली सर्वांत वरची स्ट्राइक ६० होती. म्हणजे बंद होताना त्या शेअरवरचा प्रत्येक कॉल इन द मनी होता. २६ ला १४७.९८, २७ ला ३४७.५१. २८ ला दिवसात ४८३ चा उच्चांक. त्याच दिवशी काही ब्रोकरांनी नवी खरेदी बंद केली आणि शेअर १९३.६० वर बंद झाला. २ फेब्रुवारीला ९०.

हे वाचताना वरच्या उदाहरणाशी जुळवून बघा. सगळे कॉल इन द मनी झाले, म्हणजे डीलरांनी बहुतेक शेअर घेऊन ठेवलेच असणार; जुन्या स्ट्राइकचं सरपण जळून गेलेलं. सोमवारी एक्स्चेंजांनी वरच्या स्ट्राइक उघडल्या, ११५ पर्यंत, आणि तिथे तुफान सौदे झाले. कागदावर गोष्ट एकदम चपखल बसते. त्या दिवसांत टीव्हीवरच्या प्रत्येक पॅनेलमध्ये ती अशीच सांगितली जात होती, आणि मीसुद्धा तेव्हा वर्गात ती फळ्यावर अशीच काढली होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या नियामकाच्या कर्मचाऱ्यांनी या प्रकरणाचा अहवाल काढला. त्यांच्यापुढे आपल्याला न दिसणारी माहिती होती: प्रत्येक सौद्यात कोण घेत होतं आणि कोण विकत होतं. वैयक्तिक ग्राहकांचे ऑप्शनचे सौदे २१ जानेवारीला ५.८५ कोटी डॉलरचे होते, २२ ला ५६.३४ कोटींचे, २७ ला २४० कोटींचे. व्हॉल्यूम खरंच आभाळाला भिडला होता. पण ही वाढ मुख्यतः पुटच्या खरेदीतून आलेली होती, कॉलच्या नव्हे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मार्केट मेकर कॉल विकत नव्हते, घेत होते. अहवालाने गॅमा स्क्वीझचा पुरावा सापडला नाही असं लिहिलं. शॉर्ट केलेल्यांची परतखरेदीही एकूण खरेदीचा लहानसा भागच होती, असं त्यात आहे. शॉर्ट इंटरेस्ट जानेवारीत फ्लोटच्या, म्हणजे बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या, १२२ टक्क्यांवर गेलेला असूनही. आठवडे टिकलेली तेजी मुख्यतः लोकांच्या सरळ शेअर खरेदीवर उभी होती, असा त्यांचा निष्कर्ष.

मार्केट मेकर कॉल घेत असतील तर सगळं उलटं होतं. जुन्या खरेदीदारांनी फायदा खिशात घालायला कॉल परत विकले, तर डीलरचं बंधन सुटतं आणि त्याला ठेवलेले शेअर लागत नाहीत. तो ते विकतो. डीलरकडे विकलेल्यापेक्षा घेतलेले कॉल जास्त झाले, तर भाव वाढताना तो विकतो आणि पडताना घेतो, म्हणजे तेजीला खीळ घालतो. मोठे फंड हातातल्या शेअरवर कॉल विकून महिन्याचं उत्पन्न काढतात, अशा शेअरमध्ये हेच होतं: भाव एखाद्या स्ट्राइकभोवती चिकटून बसतो. पडद्यावर मात्र दोन्ही प्रसंग सारखे दिसतात. मोठा व्हॉल्यूम, मोठा ओपन इंटरेस्ट, हिरवे आकडे.

अहवालाने सगळ्यांचं समाधान झालं नाही, आणि त्या तेजीच्या एखाद्या तासात डीलरांच्या हेजिंगने धक्का दिलाच नसेल असं मीही म्हणणार नाही. पण मी फळ्यावरचं ते चित्र पुसलं.

मग तुमच्या-माझ्यासारख्याने ओळखायचं कसं? खात्रीने ओळखता येत नाही. अंदाज मात्र बांधता येतो, आणि त्यासाठी मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, आकाराचं गणित. जवळच्या, वरच्या स्ट्राइकमधल्या ओपन इंटरेस्टला कराराच्या आकाराने गुणा, म्हणजे अमेरिकेत १०० ने, आपल्याकडे लॉट साइजने. शेअर दहा टक्के वर गेला तर डेल्टा किती वाढेल तो अंदाज घ्या. ब्रोकरच्या चेनमध्ये डेल्टाचा रकाना असतो, साधारण दहा टक्के खालच्या स्ट्राइकचा डेल्टा बघितला तरी काम भागतं. गुणाकार केला की डीलरला घ्यावे लागतील त्या शेअरची संख्या मिळते. तिची तुलना रोजच्या सौद्यांशी करा. गेमस्टॉपमध्ये २२ जानेवारीला १९ कोटींहून जास्त शेअरचे सौदे झाले, कंपनीचे एकूण शेअर होते सात कोटींच्या आतबाहेर. माझ्या उदाहरणातले दोन लाख शेअर त्या पुरात दिसलेही नसते. हाच कॉलचा ढीग रोज पाच लाख शेअरचे सौदे होणाऱ्या लहान शेअरमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. गुणाकाराचं उत्तर रोजच्या सौद्यांच्या दोन-पाच टक्के येत असेल, तर मी पुढचं काही बघतच नाही.

दुसरी, व्हॉल्यूम आणि ओपन इंटरेस्ट यांतला फरक. दिवसभरात ५० हजार कॉलचे सौदे झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओपन इंटरेस्ट फक्त दोन हजारांनी वाढलेला दिसला, तर ते बहुतेक दिवसातल्या दिवसात घेऊन विकलेले सौदे होते. डीलरवर कायमचं ओझं राहिलेलं नाही. अमेरिकेत ओपन इंटरेस्टचा आकडा दिवसातून एकदाच, दुसऱ्या दिवशी बदलतो, म्हणून संध्याकाळी व्हॉल्यूम बघून निर्णय घेणारा अर्धी माहिती हातात धरून पळत असतो. आपल्या एनएसईच्या चेनमध्ये ओपन इंटरेस्टमधला बदल दिवसाच दिसतो, हे बरंय.

तिसरी, भाव आणि व्होलॅटिलिटी एकत्र कुठे जातात. साधारणपणे शेअर वर गेला की इम्प्लाइड व्होलॅटिलिटी उतरते. शेअर झपाट्याने वर आणि त्याबरोबर वरच्या स्ट्राइकच्या कॉलची व्होलॅटिलिटीही वर, असं दिसलं तर लोक भाव न बघता कॉल घेताहेत आणि डीलर त्याचे जास्त पैसे मागताहेत, असा तर्क धरायला जागा आहे. तिन्हींतलं हे सगळ्यांत विश्वासार्ह लक्षण. पण नेमकं तेच कॉल घेणाऱ्याचा घातही करतं.

कसा, ते आकड्यात बघा. शेअर १०० वर, ११५ चा कॉल, आठवडा बाकी, व्होलॅटिलिटी ४०० टक्के. कॉलचा भाव येतो सुमारे १७ डॉलर. दुसऱ्या दिवशी शेअर १०५ झाला, तुमचा अंदाज बरोबर ठरला. पण उन्माद थोडा ओसरला आणि व्होलॅटिलिटी २५० टक्क्यांवर आली. त्या कॉलचा भाव आता साडेनऊ. शेअर पाच टक्के वर आणि तुमचे जवळपास निम्मे पैसे गेले. स्क्वीझ ओळखून उशिरा कॉल घेणाऱ्यांचं हे असंच होतं, आणि ते बिचारे ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये चूक शोधत बसतात. व्होलॅटिलिटी आधीच तिप्पट झालेल्या शेअरमध्ये मी कॉल घेत नाही. घ्यायचाच असेल तर वरची स्ट्राइक त्याच वेळी विकून स्प्रेड करतो, म्हणजे महाग हवा निदान दोन्ही बाजूंनी तितकीच महाग असते.

इथे राहून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एलआरएसखाली पैसे पाठवून तिकडचे शेअर घेता येतात, पण परदेशी एक्स्चेंजवरच्या मार्जिनसाठी त्या वाटेने पैसे पाठवायला मनाई आहे. त्यामुळे अशा तेजीत आपण शेअरच घेतो, आणि शेअर घेणारा स्वतःची विक्री आधी ठरवत नाही. जुन्या स्ट्राइकचं सरपण कुठे संपतं हे तुम्ही काढलेलं असेल, तर तो भाव विक्रीच्या ऑर्डरसाठी चांगला असतो. सर्वांत जास्त ओपन इंटरेस्ट असलेली स्ट्राइक पार करून शेअर बराच पुढे गेला आणि वर नवीन कॉल साचत नसतील, तर धक्का देणारे हात कमी झालेले असतात. शुक्रवारी मुदत संपणारे कॉल मोठे असतील तर त्याआधीच्या दोन दिवसांत लक्ष ठेवा, कारण फायदा घ्यायला लोक कॉल विकतात तेव्हा डीलरचे शेअर बाजारात येतात.

आपल्या एफ अँड ओ बाजारात हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. शेअरवरचे ऑप्शन इथे महिन्यातून एकदाच संपतात. अमेरिकेतला आठवड्याचा जोर नाही. एखाद्या शेअरमधल्या एकूण पोझिशन ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेल्या की तो बंदीत जातो आणि मग फक्त पोझिशन कमी करता येते, त्यामुळे ढीग वाढतच राहण्याला मुळातच आडकाठी आहे. शिवाय इथे कॉल विकणाऱ्यांत डेल्टा बघून शांतपणे हेज करणारे असतात, तसे प्रीमियम खायला बसलेले साधे रायटरही असतात, ज्यांच्याकडे शेअरही नसतो आणि फ्युचरही नसतं. शेअर उसळला की ते थोडेथोडे शेअर घेत नाहीत, घाबरून कॉल परत घेतात. चार्टवर तेही स्क्वीझसारखंच दिसतं, पण ते एका झटक्यात संपतं. तिथे कॉलमधला ओपन इंटरेस्ट भावाबरोबर कमी होताना दिसेल. गॅमा स्क्वीझमध्ये तो वाढताना किंवा वरच्या स्ट्राइककडे सरकताना दिसायला हवा. आणखी एक, मुदतीपर्यंत इन द मनी कॉल धरून बसलात तर इथे शेअरची प्रत्यक्ष डिलिव्हरी घ्यावी लागते, आणि शेवटच्या चार दिवसांत त्यासाठीचं मार्जिन चढत जातं. फायदा झालेला कॉल पैशांअभावी घाईत विकायला लागलेले लोक मी पाहिलेत.

त्या विद्यार्थ्याच्या शेअरचं गणित आम्ही टेबलावरच केलं. त्याने बोट ठेवलेल्या स्ट्राइकमध्ये १,८०० लॉट, लॉट ५०० चा, म्हणजे नऊ लाख शेअर. दहा टक्के तेजीत डेल्टा ०.२० ने वाढेल असं धरलं, तर एक लाख ऐंशी हजार शेअर. त्या कंपनीत रोज चाळीस लाख शेअरचे सौदे. साडेचार टक्के. आणि ओपन इंटरेस्टमधला बदल बघितला तर तो उणे होता. व्हॉल्यूम मोठा होता तो लोक बाहेर पडत होते म्हणून. त्याने कॅल्क्युलेटर बंद केला, चेन पुन्हा वर सरकवली आणि पुटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग सर, हे पुट कोणी विकलेत?"